इंटर्नशिप ९ एप्रिलला मिळाली, कॉलेजची एनओसी ९ मेला

परवा ज्युनियर पोरीनं विचारलं, ताई एनओसीला किती दिवस लागतेत? मी पटकन "एक दिवस" म्हणणार होते, कारण अर्ध्या पानाचं पत्र टाईप करून त्यावर सही-शिक्का मारायला तेवढा वेळ पण लागत नाही. पण मला बरोबर एक महिना लागला, आणि तो सह्यांच्या रांगेत गेला नाही, दोन तारखा आणि एका वाक्यात गेला. म्हणून सगळं नीट लिहून ठेवते. हे २०२५ च्या उन्हाळ्यातलं आहे.

मी नांदेडला इंजिनिअरिंगला, मेकॅनिकल, तेव्हा तिसरं वर्ष संपत आलेलं. गाव सेलू तालुक्यात. वाळूजच्या एका कंपनीत (प्रेसचे पार्ट बनवतात, मला क्वालिटी डिपार्टमेंटला घेतलं) फोनवर इंटरव्ह्यू झाला आणि ९ एप्रिलला, बुधवारी, मेल आला. २ जून ते २६ जुलै, आठ आठवडे, महिन्याला ८ हजार स्टायपेंड, दुपारचं जेवण कँटीनला. खाली एक ओळ होती की कॉलेजची एनओसी १५ मेपर्यंत स्कॅन करून पाठवा आणि ओरिजिनल जॉइनिंगच्या दिवशी आणा, सोबत त्यांचा फॉरमॅट जोडलेला. मी फॉरमॅट उघडून पाहिला पण वाचला नाही. ही पहिली चूक, तिचा हिशोब पुढे येईल.

१० ला महावीर जयंतीची सुट्टी. ११ ला प्लेसमेंट सेलमध्ये गेले आणि म्हणलं, सर इंटर्नशिपचं लेटर पाहिजे. त्यांनी दहा मिनिटांत काढून पण दिलं. मला वाटलं झालं काम, लगेच एचआरला मेल केला. चारच्या सुमारास उत्तर आलं की हे रिक्वेस्ट लेटर आहे, आम्हाला एनओसी हवी. तर या दोन कागदांत फरक असा की रिक्वेस्ट लेटर म्हणजे कॉलेज कंपनीला विनंती करतं, आमच्या विद्यार्थ्याला ट्रेनिंगला घ्या, ते कंपनी शोधत असताना न्यायचं असतं आणि कुठल्याही कंपनीला चालतं. एनओसी म्हणजे कंपनीनं आधीच घेतलेलं आहे, आणि अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ही पोरगी तिकडे असेल तर आमची हरकत नाही असं कॉलेज लिहून देतं. त्यात कंपनीचं नाव आणि तारखा लागतातच. म्हणून खिडकीवर जाऊन "लेटर" मागू नका, "ना हरकत पत्र" असं पूर्ण म्हणा.

परत पळत गेले तर सरांनी यादी दिली. प्राचार्यांच्या नावानं अर्ज, विभागप्रमुखांमार्फत. ऑफर मेलची प्रिंट. आयकार्डची झेरॉक्स. अकाउंट सेक्शनचं नो ड्यूज. आणि पालकांचं संमतीपत्र, सोबत पालकांच्या आधारची झेरॉक्स. मी विचारलं, सर पप्पांनी सही करून फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल का. म्हणाले, शाईची सही लागंल. नंतर कळलं की काही पोरं स्वतःच पप्पांची सही ठोकून देतात, म्हणून ऑफिस कधीकधी पालकांना फोन लावून विचारतं, आणि मग शेतात असलेले पप्पा "कसलं संमतीपत्र?" म्हणतात. तो धंदा करू नका.

१२ चा दुसरा शनिवार, १३ रविवार, १४ ला आंबेडकर जयंती, सलग सुट्ट्या होत्या म्हणून गावाकडेच गेले. एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे जाऊन-येऊन दोनशेच्या आत झालं.

पप्पा कुठलाही कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाहीत, सोसायटीच्या कर्जापासूनची सवय. ओसरीवर बसून बोट ठेवून वाचत होते. "सदर कालावधीत माझ्या पाल्यास कोणतीही इजा अथवा अपघात झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील, महाविद्यालय जबाबदार राहणार नाही." तिथं बोट थांबलं. मग म्हणाले, कंपनीचा कागद दाखव. मी मोबाईलवर फॉरमॅट उघडला, इंग्रजीत होता, मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले आणि तेव्हा पहिल्यांदा तो मी स्वतः वाचला. त्यात एक वाक्य होतं की विद्यार्थ्याच्या हातून कंपनीचं काही नुकसान झालं, किंवा कंपनीच्या आवारात विद्यार्थ्याला काही इजा झाली, तर त्याला कॉलेज जबाबदार राहील. पप्पा म्हणले, "म्हणजे कंपनी म्हणतीय कॉलेज बघंल, कॉलेज म्हणतंय बाप बघंल. अन् मशीन कोणाची हाय मग?" आई आतून म्हणली, सही करा की, लेकराला जाऊ द्या. केली सही, पण कागद माझ्या हातात देताना म्हणले, तुमचे प्राचार्य यावर सही करायचे नाहीत बघ. मी मनात म्हणलं, पप्पांना काय माहीत ऑफिसचं.

१५ ला सकाळी परत नांदेड. अर्ज मराठीतच लिहिला, आमच्याकडे चालतो. वर "प्रति, मा. प्राचार्य", खाली "द्वारा : मा. विभागप्रमुख", विषयात कंपनीचं नाव आणि कालावधी, मजकूर पाच ओळींचा. क्लास टीचर मॅडमनी हजेरी पाहिली, ७६ टक्के, म्हणाल्या, पंचाहत्तरच्या खाली असती तर मी काही करू शकले नसते. एचओडी सरांनी कोपऱ्यात "शिफारस करण्यात येते" लिहून सही केली. दोन्ही मिळून अर्धा तास. मला वाटलं उगाच घाबरले.

१६ ला अकाउंट सेक्शन. कॉम्प्युटरवर माझ्या नावावर बाकी दिसत होती. आता २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, मी त्यातच आहे, पण पैसे महाडीबीटीवरून येईपर्यंत कॉलेजच्या खात्यात आपल्या नावापुढे ती रक्कम बाकीच दिसते. बाकी दिसली की नो ड्यूज मिळत नाही. क्लार्क दादांशी वाद घालून उपयोग नसतो, त्यांना स्क्रीनवर जे दिसतं तेच ते सांगतात. मी बाहेर नेट कॅफेत महाडीबीटीवर लॉगिन करून अर्ज मंजूर असल्याची प्रिंट काढली आणि "शिष्यवृत्तीची रक्कम जमा होण्याची वाट आहे, माझ्या हिश्श्याची फी भरलेली आहे" असं हमीपत्र साध्या कागदावर लिहून फीच्या पावतीची झेरॉक्स जोडली. मग त्यांनी अर्जावरच "शिष्यवृत्ती प्रलंबित, हरकत नाही" लिहून दिलं. या एका गोष्टीत पूर्ण दिवस गेला, तुम्ही ती प्रिंट आधीच घेऊन जा. तिथेच एनओसीचे ५० रुपये भरले, पावती घेतली.

१७ ला सगळा गठ्ठा ऑफिसात दिला. एक काम मात्र मी चांगलं केलं, ते पण मैत्रिणीनं सांगितलं म्हणून. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एक ऑफिसला, दुसरीवर आवक शिक्का मारून घेतला, त्यात आवक क्रमांक आणि तारीख पेननं लिहून घेतली. खिडकीवरचे मामा म्हणले, "काहून पाहिजे गं पोच, आम्ही काय खातोय का तुझा कागद?" मी हसून उभीच राहिले. शेवटी मारला.

१८ ला गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार. २१ ला गेले तर फाईल प्राचार्यांकडून परत आलेली. क्लार्कनं कंपनीच्याच फॉरमॅटवर पत्र टाईप करून आत पाठवलं होतं आणि सरांनी त्यावर लाल पेननं दोन गोल केले होते. एक तारखांभोवती. दुसरा कंपनीच्या त्याच जबाबदारीच्या वाक्याभोवती, ज्यावर प्राचार्य सही करायचे नाहीत असं पप्पा म्हणले होते.

मी थेट केबिनमध्ये गेले, भीती वाटत होती पण सरांनी बसायला सांगितलं आणि सरळ समजावलं. त्यांचं म्हणणं असं की, मी "हरकत नाही" लिहून देतो म्हणजे त्या काळात तुझं कॉलेजात काही काम नाही असं लिहून देतो. विद्यापीठाच्या वेळापत्रकात तुमच्या प्रॅक्टिकल-ओरल ७ जूनपर्यंत आहेत, मग २ जूनला कंपनीत जायला माझी हरकत नाही असं मी कसं लिहू? उद्या तू ओरलला गैरहजर राहिलीस आणि हे पत्र पुढे केलंस तर? आणि नवीन सेमिस्टर २१ जुलैला सुरू होतंय, कंपनी म्हणते २६ जुलैपर्यंत. म्हणजे दोन्ही टोकांना अडचण. मी शेवटच्या तारखेकडे तर पाहिलंच नव्हतं, एक आठवडा बुडाला तर काय होतं असं धरून चालले होते.

जबाबदारीच्या वाक्याबद्दल म्हणाले, कंपनीच्या आतलं मशीन, आतला सुपरवायझर, आतले नियम, यातलं काही माझ्या हातात नाही, तर तिथल्या इजेची आणि नुकसानीची हमी संस्थेनं कशी घ्यायची? अशा वाक्याखाली सही करायचा मला अधिकार पण नाही, ते संस्थेच्या मंडळाचं काम. आमच्या लेटरहेडवर आमचा मजकूर देतो, कंपनीला चालतो का विचार. बाहेर येऊन पप्पांना फोन केला. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

त्या रात्री झोप नाही लागली. वाटत होतं तारीख बदला म्हणलं तर एचआर म्हणेल राहू द्या मग, दुसरं कोणी घेतो. दोन दिवस मी फोनच केला नाही, हे दोन दिवस मी स्वतः वाया घातले. २३ ला केला तर मॅडम म्हणाल्या, "अगं मग इंटरव्ह्यूलाच सांगायचं ना परीक्षा कधी संपते, आम्ही तर सगळ्यांना एकच तारीख टाकतो." एवढंच. कमीत कमी सहा आठवडे पाहिजेत म्हणाल्या, त्याच्या खाली त्या सर्टिफिकेट देत नाहीत. कॅलेंडर घेऊन मोजलं, ९ जून सोमवार ते १९ जुलै शनिवार, बरोबर सहा आठवडे, ओरलनंतर आणि सेमिस्टरच्या आधी. स्टायपेंडचे दोन आठवडे गेले, चालतंय.

पण फोनवर ठरलेलं कॉलेजला चालत नाही, नवीन तारखांचा मेल पाहिजे, आणि तो मेल यायला २९ एप्रिल उजाडला. मी एक दिवसाआड आठवण करत होते. यात एक शिकले. "मॅडम काय झालं" असा मेल टाकण्यापेक्षा मी स्वतःच दोन ओळी लिहून पाठवल्या, माझं नाव, जुना कालावधी, नवीन कालावधी, आणि म्हणलं यावर फक्त कन्फर्म लिहून पाठवा. त्याला त्याच दिवशी उत्तर आलं.

जबाबदारीच्या वाक्यावर आधी मॅडम म्हणाल्या, फॉरमॅट लीगलनं दिलाय, बदलता येत नाही. मग मी विचारलं की कॉलेजच्या लेटरहेडवरची साधी एनओसी आणि सोबत माझं स्वतःचं वेगळं हमीपत्र चालेल का, की मी सेफ्टीचे नियम पाळीन, हेल्मेट-शूज घालीन, परवानगीशिवाय मशीनला हात लावणार नाही, ड्रॉइंगचे फोटो काढणार नाही. त्यांनी विचारून सांगते म्हणलं आणि होकार आला, फक्त एक अट, अपघात विमा असल्याचा काहीतरी कागद जोडा. म्हणजे वाक्य काढायला कोणाशी भांडावं लागलं नाही, त्या वाक्याच्या जागी दुसरा कागद द्यावा लागला.

विम्यासाठी बँकेत गेले. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, खात्यातून आपोआप कटतात, १८ ते ७० वयाचा कोणीही घेऊ शकतो, आणि त्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, माझ्यासाठी एकदम सोयीचं. काऊंटरवर ४३६ रुपयांची जीवनज्योती पण सोबत पुढे करतात, ती वेगळी, ती आयुर्विम्याची आहे, इथे तिची गरज नव्हती. आणि हे पण माहीत असू द्या की २० रुपयांवाल्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच पैसे मिळतात, पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः असेल तर १ लाख. बोट कापलं आणि टाके घातले तर दवाखान्याचं बिल त्यातून मिळत नाही. मी एचआरला ते पण विचारून घेतलं. म्हणाल्या, कंपनीत लागलं तर प्रथमोपचार आणि दवाखान्यात न्यायचं आम्ही बघतो. तेवढं मेलवर लिहून द्या म्हणलं, दिलं. हा मेल पप्पांसाठी होता, कॉलेजनं मागितला नव्हता.

३० एप्रिलला नवीन मेल, विद्यापीठाच्या वेळापत्रकाची प्रिंट (तारखांवर हायलायटर मारून) आणि एक छोटा अर्ज ऑफिसात दिला. १ मे महाराष्ट्र दिन. २ ला प्राचार्य बाहेरगावी. ६ पासून आमचे पेपर. ७ ला पेपर सुटल्यावर खिडकीवर गेले तर नवीन क्लार्क, जुन्यांना परीक्षा विभागात टाकलेलं, आणि माझी फाईल कोणालाच माहीत नाही. "अर्ज दिलाच नसंल तुम्ही." तेव्हा तो आवक शिक्क्याचा कागद बॅगेतून काढला. त्यांनी रजिस्टर उघडलं, क्रमांकावरून पाहिलं कोणाच्या टेबलावर गेलाय, आणि पाच मिनिटांत फाईल परीक्षा विभागातून निघाली, जुन्या क्लार्कसोबतच तिकडे गेली होती, हॉल तिकिटांच्या गठ्ठ्याखाली. पोच नसती तर सगळं पहिल्यापासून, पप्पांच्या शाईच्या सहीसकट.

८ ला पत्र हातात आलं. लेटरहेड, माझं नाव आधारवर आहे तसंच, पीआरएन नंबर, वर्ष आणि शाखा, कंपनीचं नाव, ९ जून ते १९ जुलै, या काळात विद्यार्थिनीची परीक्षा किंवा तासिका नाहीत, संस्थेची हरकत नाही, कंपनीचे नियम पाळणं विद्यार्थिनीवर बंधनकारक. जबाबदारीचं वाक्य नाही. सही आहे, गोल शिक्का आहे. मी आनंदात जिना उतरले आणि खाली झेरॉक्सवाल्या काकांनी पत्र काचेवर ठेवता ठेवता विचारलं, "जावक नंबर कुठंय ताई?" वर "जा.क्र." लिहून पुढे टिंबं टिंबंच होती आणि तारीख पण नाही. जावक नंबर नसलेलं पत्र म्हणजे ऑफिसच्या रजिस्टरमध्ये ते निघालेलंच नाही, कंपनीनं खात्री करायला फोन लावला तर कॉलेज म्हणणार आमच्याकडे अशी नोंद नाही. वर गेले, जावकचं रजिस्टर सांभाळणाऱ्या मॅडम घरी गेलेल्या. ९ ला परत, अर्धा तास उभी राहून नंबर टाकून घेतला, तीन प्रती काढल्या आणि तिथूनच स्कॅन पाठवला. १५ ची मुदत होती, सहा दिवस हातात राहिले.

सगळा खर्च धरला तर एसटीचे दोनशेच्या आत, कॉलेजचे ५०, विम्याचे २०, झेरॉक्स-प्रिंटचे नव्वदेक रुपये.

९ जूनला वाळूजला गेले, बजाजनगरला मामेबहिणीकडे राहायची सोय झाली होती. गेटवर सिक्युरिटीवाल्या दादांनी रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावलं. एचआर मॅडमना ओरिजिनल एनओसी दिली, प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून, एक घडी पण पडू दिली नव्हती. त्यांनी माझ्याशी कँटीनच्या वेळेबद्दल बोलत बोलत ती न वाचता पंचिंग मशीनमध्ये सरकवली, खट्ट दाबलं आणि फाईलला लावली. एक भोक बरोबर जावक क्रमांकावर पडलं होतं, मागचे दोन आकडे तेवढे शिल्लक होते.